चूल आणि गोबर गॅस: धूर, भाजणे आणि वायूची बाधा

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात दारात चार-पाच जनावरे असलेल्या अनेक घरांत स्वयंपाकासाठी एकापेक्षा जास्त सोयी असतात. चहाला सिलेंडर, भाकरीला आणि अंघोळीच्या पाण्याला चूल, आणि शेण पुरेसे असेल तर गोबर गॅस. प्रत्येकाचा धोका वेगळा आहे, आणि त्याची लक्षणेही वेगळी आहेत. या लेखात तीन प्रसंगांची माहिती दिली आहे: बंद खोलीतला धूर आणि निखारे, चुलीवर कपडे पेटणे, आणि गोबर गॅसची गळती किंवा त्याच्या खड्ड्यातला वायू.

बंद खोलीतल्या धुरामुळे काय होते?

लाकूड किंवा गोवरी पूर्ण जळली नाही की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. ओली लाकडे आणि पावसात भिजलेल्या गोवऱ्या धुपतात, तेव्हा तो जास्त निघतो. पण सर्वांत फसवे असतात ते लाल निखारे. त्यांचा धूर दिसत नाही, म्हणून थंडीत पाटीभर निखारे घरात आणून दार लावून झोपण्यात काही वावगे वाटत नाही. प्रत्यक्षात त्याच वेळी खोलीत हा वायू साठत जातो.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. त्यामुळे श्वास चालू असूनही मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन मिळत नाही. सुरुवातीला डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, हातापायांतली शक्ती जाते. बहुतेक लोकांना हे पित्त वाटते. ओळखण्याची खूण अशी: एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास होतो, ताप नसतो आणि मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटू लागते.

अशा वेळी सर्वांना बाहेर काढा, दारे-खिडक्या उघडा, निखारे बाहेर न्या. कोणी गुंगीत असेल, छातीत दुखत असेल, किंवा घरात गरोदर स्त्री असेल तर बरे वाटले तरी रुग्णालयात जा आणि ‘खोलीत निखारे होते’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. हे सांगणे महत्त्वाचे आहे, कारण बोटाला लावायचा ऑक्सिमीटर या विषबाधेत फसतो. तो ९८ टक्के दाखवत असला तरी रुग्ण गंभीर असू शकतो.

रोजच्या धुराचा परिणाम हळूहळू होतो. कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्या, पण वीस-तीस वर्षे चुलीपुढे बसलेल्या बाईला दोन वर्षे लागोपाठ, वर्षातले तीन-तीन महिने कफाचा खोकला असेल किंवा चढावर दम लागत असेल, तर ‘वयामुळे’ म्हणून सोडू नका. फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी (स्पायरोमेट्री) करून घ्या. चुलीचा धूर बाहेर नेणारे धुराडे, सुकी लाकडे आणि छपराला लागून ठेवलेली मोकळी फट यांनी धूर कमी होतो, पण पूर्ण जात नाही. लहान बाळाला कडेवर किंवा पाठीशी घेऊन चुलीपुढे बसू नये.

चुलीवर कपडे पेटले तर?

चुलीवर भाजण्याचे बरेच प्रसंग दोन गोष्टींतून घडतात. पहिली म्हणजे मंद चुलीवर रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल टाकणे. निखाऱ्यांवर त्या इंधनाची वाफ होते, भडका उलट हातावर आणि तोंडावर येतो. चूल पेटत नसेल तर पळाट्या किंवा तुराट्यांचे सुके काड वापरा, पण पातळ इंधन कधीच नको. दुसरी म्हणजे पलीकडचे भांडे उचलताना लोंबणारा पदर, ओढणी किंवा गाऊनची सैल बाही. नायलॉन-पॉलिस्टरचे कापड वितळून कातडीला चिकटते, म्हणून जखम खोल होते. पदर कमरेला खोचलेला असावा आणि चुलीपाशी सुती कपडा असावा.

कपडे पेटल्यावर माणूस धावत सुटतो आणि ज्वाळा तोंडाकडे चढतात. जागीच थांबा, जमिनीवर आडवे व्हा, तोंड हाताने झाका आणि लोळा. जवळच्या माणसाने घोंगडी किंवा जाड सुती गोधडी टाकून आग दाबावी, किंवा पाणी ओतावे. सिंथेटिक ब्लँकेट वापरू नये.

आग विझली की भाजलेल्या भागावर साधे, वाहते पाणी सलग २० मिनिटे सोडा. दवाखाना लांब असला तरी आधी पाणी. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो. पाणी चालू असतानाच बांगड्या, अंगठी, जोडवी काढा, कारण थोड्याच वेळात सूज येते. चिकटलेले कापड ओढू नका. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप किंवा शेण लावू नका. त्याने जखम खोल जाते किंवा पिकते, आणि डॉक्टरांना ती किती खोल आहे हे दिसत नाही. नंतर स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाने सैल झाका. लहान मूल असेल किंवा भाग मोठा असेल तर बाकीचे अंग पांघरुणात गरम ठेवा.

किती भाजले हे मोजायला रुग्णाचाच तळवा वापरा. बोटांसह एक तळवा म्हणजे शरीराचा साधारण एक टक्का. मोठ्या माणसात दहा आणि मुलात पाच तळव्यांपेक्षा जास्त भाजले असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधा किंवा जननेंद्रिय भाजले असेल, तर १०८ वर फोन करून मोठ्या रुग्णालयात जा. नाकाचे केस जळलेले, थुंकीत काजळी किंवा आवाज घोगरा झालेला असेल तर श्वासनलिका भाजल्याची शक्यता असते. अशा रुग्णाला सुरुवातीला बोलता-चालता येत असले तरी घशाला सूज येऊन काही तासांत श्वास अडू शकतो. थांबू नका.

स्वयंपाकघरात गोबर गॅसची गळती

गोबर गॅसमध्ये निम्म्याहून अधिक मिथेन असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो या शेवटच्या वायूचा. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो, तर गोबर गॅस मिसळत वर चढतो आणि पत्र्याखाली साठतो. म्हणून फक्त दार उघडून भागत नाही, भिंतीत वरच्या बाजूला झरोका हवा. ज्या घरात दोन्ही गॅस आहेत तिथे खालची आणि वरची, दोन्ही वाट मोकळी पाहिजे.

गळतीचे नेहमीचे कारण साधे असते. पाइपमध्ये वाफेचे पाणी साठते, ज्योत फडफडते, विझते, आणि कॉक उघडाच राहतो. म्हणून पाइपच्या सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची सोय असावी आणि ज्योत नाचू लागली की पाणी काढावे. एक कॉक शेगडीजवळ आणि एक संयंत्राजवळ असावा, आणि रात्री दोन्ही बंद करावेत. गळती शोधायला जोडावर साबणाचे पाणी लावा, फुगे येतात. काडी ओढून पाहू नका. संयंत्रावर किंवा त्याच्या नळीच्या तोंडाशी ज्योत धरून गॅस ‘तपासू’ नका. नव्या किंवा साफ केलेल्या संयंत्रात आधी हवा असते, आणि ज्योत नळीतून आत जाऊन स्फोट होऊ शकतो.

घरात वास आला तर आग विझवा, दिव्याचे बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, सर्वांना बाहेर काढा आणि बाहेरचा कॉक बंद करा.

खड्ड्यात उतरू नका: वाकडीची घटना

९ एप्रिल २०२४ रोजी नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात एक मांजर जुन्या विहिरीत पडले. त्या विहिरीचा वापर बायोगॅसच्या शेणाचा खड्डा म्हणून होत होता. मांजराला काढायला एक जण उतरला आणि वर आला नाही. त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा, असे सहा जण एकामागून एक आत गेले. पाच जण दगावले. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता आणि वरच्या लोकांनी त्याला ओढून घेतले.

धडधाकट माणसे इतक्या लवकर का कोसळतात? शेणाच्या खड्ड्यात कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे जड वायू तळाशी बसतात आणि ऑक्सिजन उरत नाही. वरची साय शांत असते तोवर वायू राड्यात अडकून असतो. पाय पडून राडा ढवळला गेला की तो एकदम सुटतो. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. ‘वास येत नाही, म्हणजे गॅस नाही’ असे वाटते तो क्षण सर्वांत धोक्याचा. त्यानंतर काही श्वासांतच शुद्ध जाते, आणि माणूस राड्यात तोंडघशी पडतो.

तोंडाला रुमाल बांधून हा वायू अडत नाही. विहिरीत कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत इथे चालत नाही. ऑक्सिजन कमी असेल तर दिवा विझेल, पण हायड्रोजन सल्फाइड त्याने कळत नाही, आणि मिथेन असेल तर भडका उडेल.

कोणी आत पडले तर पहिले काम दुसऱ्याला उतरू न देणे. १०१ आणि १०८ वर फोन करा आणि ‘शेणाच्या खड्ड्यात वायूची बाधा’ असे स्पष्ट सांगा. माणूस शुद्धीवर असेल तर वरून दोर किंवा शिडी सोडा. शुद्ध नसेल तर श्वासाचे उपकरण असलेल्या अग्निशमन जवानांनीच उतरावे. दोर बांधला म्हणून उतरणे सुरक्षित होत नाही. दोरामुळे फक्त वरच्यांना ओढता येते. बाहेर काढल्यावर मोकळ्या हवेत न्या. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा. तोंडाने श्वास देऊ नका, त्याच्या तोंडातला वायू तुम्हालाही बाधू शकतो.

वाचलेल्या माणसाला चालता येत असले तरी रुग्णालयात एक दिवस देखरेखीखाली ठेवावे लागते, कारण फुप्फुसांत पाणी भरण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो. आणि आजच करता येण्यासारखे एक काम: घराजवळचा वापरात नसलेला शेणखड्डा किंवा संयंत्राची टाकी उघडी असेल, तर तिच्यावर मूल किंवा जनावर पडणार नाही असे मजबूत झाकण किंवा जाळी बसवा. साफसफाई करायची झाली तर ती वरून, पंपाने किंवा लांब दांड्याने करा.