हेसरघट्ट्याचे दहा किलोमीटर आणि जिनिव्हातला निकाल

ऑक्टोबर २०१२ मध्ये बेंगळुरूच्या सीमेवरील हेसरघट्टा येथे, केंद्र सरकारच्या कुक्कुट विकास संस्थेत, टर्की पक्षी झपाट्याने मरू लागले. भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत नमुन्यांची तपासणी झाली आणि मृत्यूचे कारण निश्चित झाले : एच५एन१, म्हणजेच बर्ड फ्लू. ठरलेली कार्यपद्धती तत्काळ अमलात आली. संस्थेतील उरलेले पक्षी मारून पुरण्यात आले, निर्जंतुकीकरण झाले आणि भोवतालचा १० किलोमीटरचा परिसर देखरेखीखाली आला. त्या वर्तुळाबाहेर मात्र कोंबडी आणि अंडी यांचा व्यापार चालू राहिला.

याच सुमारास जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलपुढे भारताविरुद्ध एक खटला उभा होता. अमेरिकेची तक्रार वरवर पाहता साधी होती. भारत आपल्या भूमीवर रोग आढळला की वर्तुळ आखतो; परदेशात रोग आढळला की अख्खा देश बंद करतो. या फरकाला शास्त्रीय आधार कोणता?

भारताची भीती निराधार नव्हती. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला होता. तेथील कुक्कुटपालकांनी डोळ्यांसमोर आपले कळप नष्ट होताना पाहिले आणि ग्राहकांच्या धास्तीने दूरच्या बाजारांतही कोंबडीचे भाव कोसळले. बाहेरून येणाऱ्या विषाणूला दार बंद ठेवण्याचे धोरण या पार्श्वभूमीवर दृढ झाले. १८९८च्या पशुधन आयात कायद्याखाली १९ जुलै २०११ रोजी निघालेल्या अधिसूचनेने बर्ड फ्लू नोंदवणाऱ्या देशांतून कोंबडीचे मांस, अंडी, जिवंत पक्षी आदींची आयात रोखली. विषाणू तीव्र असो वा सौम्य, बंदी सारखीच होती. मार्च २०१२ मध्ये अमेरिकेने सल्लामसलतीची मागणी केली आणि जूनमध्ये पॅनेल स्थापन झाले.

असे वाद ज्या कराराखाली चालतात तो स्वच्छता व वनस्पती आरोग्यविषयक करार, म्हणजे एसपीएस करार, १९९५ पासून अमलात आहे. माणसांच्या, पशूंच्या आणि पिकांच्या आरोग्यासाठी किती संरक्षण हवे, हे ठरवण्याचा अधिकार तो प्रत्येक देशाकडेच ठेवतो. मात्र त्यासाठी योजलेल्या उपायाला शास्त्रीय आधार असावा लागतो. तो आधार दाखवण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला, आंतरराष्ट्रीय मानकानुसार चालणे. पशुरोगांच्या बाबतीत ते मानक म्हणजे जागतिक पशुआरोग्य संघटनेची संहिता. दुसरा, स्वतः जोखमीचे मूल्यांकन करणे : रोग कोणत्या मालातून, कोणत्या वाटेने, किती संभाव्यतेने शिरेल आणि शिरल्यास काय हानी करील, याचा पुराव्यानिशी अभ्यास. पुरावा अपुरा असेल तेव्हा तात्पुरता उपाय करता येतो, पण मग अधिक माहिती मिळवून ठरावीक काळात त्याचा फेरविचार करावा लागतो.

भारताने पहिला मार्ग निवडला. आमची बंदी संहितेला धरून आहे, तेव्हा वेगळ्या जोखीम मूल्यांकनाची गरज नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. खटल्याचा कस येथेच लागला. पॅनेलचे सदस्य विषाणुतज्ज्ञ नसतात आणि आयात करणाऱ्या देशाऐवजी स्वतः धोका मोजणे हे त्यांचे काम नसते. देशाने दिलेले कारण आणि त्याने केलेला उपाय यांत तर्कसंगत नाते आहे की नाही, एवढेच ते तपासतात. त्यासाठी या पॅनेलने स्वतंत्र तज्ज्ञांची मते घेतली आणि संहितेचा अर्थ ती तयार करणाऱ्या संघटनेलाच विचारला.

उत्तर भारताला प्रतिकूल निघाले. संहिता सरसकट बंदी सुचवत नव्हती. माल कोणत्या अटींवर सुरक्षितपणे येऊ शकेल, हे ती सांगत होती. त्या अटींमागे विषाणूचे जीवशास्त्र होते. तीव्र प्रकारचा विषाणू पक्ष्याच्या सर्व शरीरात, स्नायूंतही, पसरतो. सौम्य प्रकारचा बहुधा श्वसनमार्ग आणि आतडे यांपुरताच राहतो, त्यामुळे मांसातून तो पसरण्याचा धोका फार कमी असतो. म्हणून सौम्य प्रकार आढळलेल्या, पण तीव्र प्रकारापासून मुक्त असलेल्या देशाचे मांस संहिता अटींसह स्वीकारते. शिवाय देशाचा निरोगी भाग रोगग्रस्त भागापासून वेगळा मानण्याची मुभाही ती देते. भारताची अधिसूचना यांपैकी कोणताच भेद करत नव्हती. संहितेचा आधार असा निसटला आणि स्वतःचे जोखीम मूल्यांकन तर नव्हतेच.

दुसरा आघात भेदभावाच्या मुद्द्यावर झाला. हेसरघट्ट्याला आखले गेले तसे वर्तुळ देशांतर्गत पुरेसे मानले जात असेल, तर अमेरिकेच्या एका राज्यातील प्रादुर्भावासाठी हजारो किलोमीटरवरच्या दुसऱ्या राज्याचा माल का अडवावा, याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. सौम्य विषाणू आमच्याकडे नाहीच, असे भारत म्हणत होता. पण त्या विषाणूने बाधित पक्षी अनेकदा आजारी दिसतही नाहीत. मेलेल्या पक्ष्यांची तपासणी करून तो सापडत नाही. निरोगी दिसणाऱ्या कळपांतून नियमित नमुने आणि रक्तद्रव गोळा करून त्याचा शोध घ्यावा लागतो. भारताची टेहळणी तो खात्रीने पकडू शकेल अशी नव्हती. न सापडणे आणि नसणे यांतला हा फरक निर्णायक ठरला. देशांतर्गत हा विषाणू शोधण्याची पुरेशी व्यवस्था न करता परदेशी मालाला त्याच कारणाने रोखणे पॅनेलने अन्याय्य भेदभाव मानले.

पॅनेलचा अहवाल १४ ऑक्टोबर २०१४ रोजी आला. भारताने अपील केले, पण ४ जून २०१५ रोजी अपिलीय मंडळाने मुख्य निष्कर्ष कायम ठेवले.

या दोन तारखांच्या दरम्यान एक विलक्षण योग जुळून आला. डिसेंबर २०१४ पासून अमेरिकेतच तीव्र बर्ड फ्लू पसरला आणि २०१५ च्या मध्यापर्यंत सुमारे पाच कोटी पक्षी मेले अथवा मारले गेले. मग निकाल चुकला का? तसे म्हणता येत नाही. अमेरिकी कोंबडी सदैव सुरक्षित आहे, असे पॅनेलने म्हटलेच नव्हते. भारताने आपल्या बंदीचा आधार सिद्ध केला नाही, एवढाच त्याचा निष्कर्ष होता. बाधित राज्यांपुरती, मांस आणि जिवंत पक्षी यांत भेद करणारी, परिस्थितीनुसार बदलणारी बंदी तेव्हाही घालता आली असती. खरे संकट आल्यावर टिकली असती ती अशीच बंदी.

भारताने २०१६ मध्ये सुधारित अधिसूचना काढली. तीही अमेरिकेला अपुरी वाटली. त्याच वर्षी अमेरिकेने वर्षाला ४५ कोटी डॉलरच्या प्रतिकारात्मक कारवाईची परवानगीही मागितली होती. वाद अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये आपसांत मिटला. त्या समझोत्यात भारताने काही अमेरिकी मालावरील आयातशुल्क घटवले आणि त्या यादीत गोठवलेले टर्कीचे मांसही होते. आपल्या कुक्कुटपालकांचे रक्षण करण्याचा भारताचा हक्क या सगळ्यात कोणी नाकारला नव्हता. तो बजावण्यासाठी लागणारी दोन कामे मात्र बंदीच्या आधी व्हायला हवी होती : मालागणिक धोक्याचे लेखी मूल्यांकन आणि निरोगी दिसणाऱ्या कळपांतून घेतलेले नमुने.