ओवीतला राम खोडू नका

भीमजयंती जवळ आली की आपल्या वस्त्यांमध्ये जुनी गाणी गोळा करण्याची लगबग सुरू होते. म्हाताऱ्या आयांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या जातात, मोबाईलवर रेकॉर्ड केल्या जातात. चांगली गोष्ट आहे. पण या गाण्यांत राम, मारुती किंवा एखादी देवी आली की आपल्यातलेच काही कार्यकर्ते ती ओळ गाळतात किंवा तिथे भीमाचे नाव घालतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या गाण्यात राम कसा, असा त्यांचा सवाल असतो. दुसऱ्या बाजूने काही अभ्यासक नाक मुरडतात, "भीमाच्या ओव्या म्हणजे रामाच्याच ओव्या, फक्त नाव बदललेले." आमचे म्हणणे असे आहे की दोघेही एकच चूक करतात. ओवी एकाच रूपात असते असे दोघे धरून चालतात.

ओवीला कर्ता नसतो आणि मूळ प्रतही नसते. एकच ओवी दहा गावांत दहा प्रकारे म्हटली जाते. त्यातली खरी कोणती, हे विचारून काही हाती लागत नाही. एका रूपात आणि दुसऱ्या रूपात नेमका फरक कुठे पडला, हे विचारले की ओवी बोलू लागते.

आता राम आणि भीम ही नावेच घ्या. दोन्ही दोन अक्षरांची, पहिले दीर्घ, दुसरे ऱ्हस्व. रामराया जिथे बसतो तिथे भीमराया चालीला धक्का न लावता बसतो. म्हणजे केवळ नाव बदलायचे असते, तर बाईला दुसरे काहीच बदलायची गरज नव्हती. समजा, एका रूपात राम रथातून येतो आणि पुढे मारुती चालतो. दुसऱ्या रूपात भीम येतो, पण रथ तसाच आहे. तिथे वाचकाने ओळखावे की रामाची ओवी आधीची आहे आणि रथ मागे राहिलेली खूण आहे. तिसऱ्या रूपात भीम मोटारीतून उतरतो आणि हातात पुस्तक आहे. हा बदल चालीने मागितलेला नव्हता, तो बाईने स्वतः केला. (उदाहरण समजण्यासाठी आम्ही रचलेले आहे.) "फक्त नाव बदलले" म्हणणाऱ्याला तिसरे रूप दाखवावे. पण पहिले रूप खोडून टाकलेत, तर तिसऱ्यात बाईने काय सोडले आणि काय नवे धरले हे तुम्ही कशावरून सिद्ध करणार? धर्मांतर घराघरात, जात्यापाशी कसे झाले याचा पुरावाच तुम्ही पुसता.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. ओवी गाताना स्वर ताणला जातो. "रमाला" आणि "रामाला" यांतला फरक रेकॉर्डिंगमध्ये सहज हरवतो. रमाईची ओवी रामाची म्हणून लिहिली जाऊ शकते. शिवाय बाबासाहेबांच्या वडिलांचे नाव रामजी. भीमाच्या ओवीत आलेला राम हा रामजीबाबा तर नाही ना, हे पुढची ओळ आणि त्याच ओवीची दुसरी रूपे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. गाळायच्या घाईत रमाई आणि रामजीबाबाही गाळले जातील.

तिसरी गोष्ट काळाची. ओवीत धम्मदीक्षा आली, तर ते रूप १४ ऑक्टोबर १९५६ नंतरचे. चैत्यभूमी आली, तर ६ डिसेंबर १९५६ नंतरचे. पण हा काळ त्या रूपाचा, सगळ्या ओवीचा नव्हे. ओवीचा सांगाडा शंभर वर्षे जुना असू शकतो. आणि समजा एखाद्या ओवीत रमाई नागपूरच्या दीक्षेला हजर असेल, तर "चूक" म्हणून ती दुरुस्त करू नये. रमाई २७ मे १९३५ लाच गेल्या, हे गाणाऱ्या बाईला माहीत नसेल असे समजू नका. नवऱ्यासाठी शेणी थापणाऱ्या बाईला त्या दिवशी जागा मिळायला हवी होती, असे तिला वाटले. इतिहासाची तारीख त्या ओळीत नाही, पण बायकांचा न्यायनिवाडा आहे.

चौथी गोष्ट गावाची. आपल्या वर्धा जिल्ह्यात हे फार पाहण्यासारखे आहे. वर्धा नदी ही पूर्वी वऱ्हाड आणि नागपूर प्रांत यांच्यातली सीमा होती. आर्वी-आष्टीकडची सोयरीक अमरावतीकडे जाते, हिंगणघाट-समुद्रपूरकडची चंद्रपूरकडे. आणि ओवी लेकीबरोबर सासरी जाते. म्हणून ओवी ज्या गावात लिहून घेतली त्या गावाची ठरवू नका, बाईचे माहेर विचारा. यमकही साक्ष देते. आपल्याकडे "तुले" म्हणतात, पुण्याकडे "तुला". एका ओळीच्या शेवटी "फुले" असेल आणि दुसरीच्या शेवटी "तुला" छापलेले असेल, तर यमक तुटते. "तुले" वाचा, लगेच जुळते. म्हणजे ती ओवी आपल्या बोलीतून गेली आहे आणि लिहिणाऱ्याने भाषा शुद्ध करताना तिचा पत्ता पुसला. "झुला" आणि "तुले" असे आले, तर प्रवास उलट दिशेने झाला असण्याची शक्यता धरावी. मात्र एका यमकावर निकाल देऊ नये; दोन-चार रूपांत तीच खूण दिसली पाहिजे.

छापील संग्रह वाचताना हे लक्षात ठेवावे. साने गुरुजींनी "स्त्री जीवन"मध्ये ओव्या जमवल्या, ते काम मोठेच. पण तिथे ओव्या आई, भाऊ, सासर अशा विषयांनी लावलेल्या आहेत. कोणत्या जातीच्या, कोणत्या वस्तीतल्या बाईने गायली हे कळत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्याहून सुरू केलेल्या कामात हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमल्या आणि गाणारीचे नाव, गाव, जात यांची नोंद राहिली. म्हणूनच बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमध्ये १९९६ साली रेकॉर्ड झालेल्या भीम-रमाईच्या ओव्या आज बौद्ध बायकांच्या म्हणून ओळखता येतात. त्या नुसत्या "लोकगीत" या नावाखाली विरघळल्या नाहीत.

म्हणून वर्ध्यातल्या पोरापोरींना आमचे सांगणे आहे. पिठाची गिरणी आल्यापासून जाते थांबले आहे. ओव्या येणाऱ्या आया आता सत्तरीच्या पुढे आहेत. रेकॉर्ड करताना एक ओवी दोनदा, वेगवेगळ्या दिवशी म्हणायला लावा. फरक पडला तर दोन्ही लिहा. "गं बाई", "सांगते" अशी भरीची अक्षरेही लिहा, तुलना करताना ती बाजूला ठेवता येतात. माहेर, कुणाकडून शिकली, आधी कसे म्हणायची आणि दीक्षेनंतर काय बदलले, हे विचारा. राम आला तर राम लिहा.

जयंतीच्या मंचावर कोणते रूप गायचे हे समाज ठरवेल, आणि तिथे आपण भीमाचेच गाऊ. पण वहीत सगळी रूपे राहू द्या. आपल्या आजीने रामाला ओवीतून कोणी सांगितले म्हणून काढले नाही. तिने स्वतः काढले, दळता दळता, एक एक ओळ बदलत. तिचे हे काम तिच्या नावावर राहायचे असेल, तर आधीची ओळही जपावी लागेल.

जय भीम!