सोप्या भाषेचे गणित

'चौथीच्या मुलांना समजेल असे लिहा', असे लेखकाला सांगणे सोपे असते. पण लिहून झालेला उतारा खरोखर चौथीचा आहे की सातवीचा, हे ठरवायचे कसे? बहुतेक ठिकाणी हे काम अनुभवी शिक्षकाच्या अंदाजावरच चालते. या अंदाजाला मोजमापाची जोड देण्याचा प्रयत्न अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाला. त्याचा उगम भाषेच्या तासात नव्हे, तर विज्ञानाच्या तासात झाला, हे आपल्या वाचकांना विशेष वाटेल.

सातवी ते नववीच्या विज्ञान-शिक्षकांची तक्रार अशी होती की, पुस्तकांत पारिभाषिक शब्दांची इतकी गर्दी असते की शब्दांचे अर्थ सांगण्यातच तास संपतो आणि विज्ञान शिकवायचे राहून जाते. बर्था लाइव्हली आणि सिडनी प्रेसी या दोघांनी १९२३ साली पुस्तकातील हे 'शब्दांचे ओझे' मोजण्याची एक रीत सुचविली. त्यांच्या हाताशी एक नवे साधन आले होते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२१ साली शिक्षकांसाठी १०,००० इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली होती. बालसाहित्य, पाठ्यपुस्तके, वर्तमानपत्रे, पत्रे अशा नाना प्रकारच्या मजकुरात कोणता शब्द किती वेळा आणि किती ठिकाणी येतो, हे मोजून ती केलेली होती. पुस्तकातून १,००० शब्दांचा नमुना घ्यायचा आणि त्यातले किती शब्द या यादीत नाहीत हे पाहायचे, असे त्या रीतीचे सार होते.

पुढचे पाऊल शिकागोजवळच्या विनेटका गावात पडले. मेबल व्होगेल आणि कार्लटन वॉशबर्न यांनी १९२८ साली मुलांना आवडलेल्या पुस्तकांचा अभ्यास करून एक सूत्र मांडले. त्यात शब्दांबरोबर वाक्यांचाही विचार होता, आणि उत्तर थेट इयत्तेत मिळत होते. 'हे पुस्तक कोणत्या इयत्तेचे?' या प्रश्नाला आकड्यात उत्तर देण्याची ही सुरुवात म्हणता येईल.

१९३५ साली विल्यम ग्रे आणि बर्निस लीरी यांनी प्रौढांच्या वाचनासाठी असाच मोठा अभ्यास केला. पुस्तक वाचनीय कशाने होते, असे त्यांनी ग्रंथपाल, प्रकाशक इत्यादी जाणकारांना विचारले. उत्तरांचे चार गट पडले: आशय, शैली, मांडणी आणि छपाईचे रूप. जाणकारांनी पहिला मान आशयाला दिला होता. परंतु मोजता येण्याजोगी होती ती फक्त शैली, म्हणून सूत्र शैलीवरच बेतले गेले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. सूत्रात जे आले ते सर्वांत महत्त्वाचे होते म्हणून आले नाही. ते मोजता आले म्हणून आले.

या सर्व सूत्रांत शाळांच्या दृष्टीने फार वापरले गेलेले सूत्र ओहायो स्टेट विद्यापीठातील एडगर डेल आणि जीन चॉल यांचे. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. डेल यांनी सुमारे ३,००० शब्दांची यादी केली होती. चौथीच्या मुलांपैकी निदान ८० टक्के मुलांना जे शब्द माहीत होते, ते या यादीत घेतले होते. यादीत नसलेला शब्द 'अपरिचित' समजायचा. सूत्र असे:

गुण = ०.१५७९ × (अपरिचित शब्दांची टक्केवारी) + ०.०४९६ × (दर वाक्यातील सरासरी शब्द) + ३.६३६५

गुण ५ ते ५.९ आल्यास उतारा पाचवी-सहावीचा, ६ ते ६.९ आल्यास सातवी-आठवीचा, अशी पुढे तालिका होती.

हे सूत्र चालवून पाहू. समजा, १०० शब्दांच्या एका उताऱ्यात ५ वाक्ये आहेत, म्हणजे दर वाक्यात सरासरी २० शब्द आहेत. आणि १४ शब्द अपरिचित आहेत. गुण येतात ६.८४, म्हणजे उतारा सातवी-आठवीचा. आता एकही शब्द न बदलता प्रत्येक वाक्याचे दोन तुकडे करू. सरासरी १० वर आली, गुण झाले ६.३४. इयत्ता बदललीच नाही. याउलट, १४ अपरिचित शब्दांपैकी ७ शब्दांना ओळखीचे पर्याय शोधले, तर गुण ५.७३ होतात आणि उतारा पाचवी-सहावीत येऊन बसतो. म्हणजे या सूत्रात एक टक्का अपरिचित शब्द हे वाक्यातल्या सुमारे तीन शब्दांइतके जड आहेत. वाक्ये तोडण्यापेक्षा शब्द निवडणे अधिक फलदायी, असा याचा अर्थ.

आणखी एक बारकावा आहे. अपरिचित शब्द जितक्या वेळा येईल तितक्या वेळा मोजायचा, असा नियम होता. समजा, त्या १४ मध्ये एकच पारिभाषिक शब्द चारदा आलेला आहे. लेखकाने तो पहिल्यांदा ठेवला आणि पुढे तीनदा त्याच्या जागी 'ते' घातले, तर गुण ६.३७ वर उतरतात. सर्व वाक्ये निम्मी करून जेवढे मिळाले, जवळजवळ तेवढेच! मात्र वाचणाऱ्या मुलाला आता प्रत्येक 'ते' कशाबद्दल आहे, हे शोधत बसावे लागते. गुण सुधारले आणि उतारा बिघडला.

येथेच खरी अडचण सुरू होते. ही सूत्रे तयार मजकूर तपासण्यासाठी होती. लांब वाक्ये आणि अनोळखी शब्द सहसा अवघड विचारांच्या सोबतीने येतात, म्हणून त्यांच्यावरून काठिण्याचा अंदाज बांधता येतो. पण म्हणून वाक्य तोडले की विचार सोपा होतो, असे नाही. तापमापक थंड पाण्यात बुडवल्याने रुग्णाचा ताप उतरत नाही. तरीही विशिष्ट इयत्तेचा आकडा गाठण्याची अट पडल्यावर अनेक पाठ्यपुस्तके सूत्रासमोर ठेवूनच लिहिली जाऊ लागली.

याचा परिणाम आपल्या भाषेतील एका उदाहरणावरून पाहू. माठातले पाणी गार का होते, हे सांगणारे हे वाक्य घ्या.

'माठाच्या सच्छिद्र भिंतीतून पाझरणाऱ्या पाण्याचे बाष्पीभवन होताना त्यासाठी लागणारी उष्णता माठातील पाण्यातूनच घेतली जात असल्यामुळे आतील पाण्याचे तापमान कमी होते.'

वाक्य २० शब्दांचे आहे. चौथी-पाचवीच्या मुलाला ते झेपणार नाही. आता केवळ आकड्यावर नजर ठेवून ते 'सोपे' करू.

'माठाला छिद्रे असतात. त्यातून पाणी बाहेर येते. त्याची वाफ होते. त्याला उष्णता लागते. पाणी गार होते.'

पाच वाक्ये, १६ शब्द, सरासरी ३.२. एकही शब्द अवघड नाही. पण उष्णता आली कुठून, हे गेले. 'असल्यामुळे' गेले, त्यामुळे शेवटच्या वाक्याचा आधीच्या वाक्याशी संबंध उरला नाही. कोणते पाणी गार होते, बाहेरचे की आतले, तेही कळत नाही. चौकस मुलगी विचारील, 'उष्णता लागली तर पाणी तापायला हवे, गार कसे झाले?' तिचा प्रश्न रास्त आहे. तोडलेल्या वाक्यांनी कारण सांगण्याचे काम लेखकाकडून काढून वाचकावर टाकले आहे.

आता तिसरा प्रयत्न.

'माठाच्या भिंतीला अगदी बारीक छिद्रे असतात. त्या छिद्रांतून थोडे थोडे पाणी बाहेर झिरपते. बाहेर आलेल्या या पाण्याची वाफ होते. वाफ होण्यासाठी उष्णता लागते आणि ती उष्णता माठातल्या पाण्यातून येते. उष्णता निघून गेल्यामुळे माठात उरलेले पाणी गार होते.'

येथेही पाचच वाक्ये आहेत. पण शब्द ३७ आणि सरासरी ७.४. मूळ वाक्यापेक्षा उतारा जवळजवळ दुप्पट झाला. सोपे करणे म्हणजे आखूड करणे नव्हे, हे यावरून दिसते. सर्वांत लांब वाक्य नेमके कारण सांगणारे आहे, आणि ते तसेच ठेवणे योग्य आहे. 'छिद्रे', 'उष्णता' हे शब्द पुन्हा पुन्हा आले आहेत, म्हणूनच वाचकाचा धागा सुटत नाही.

तरीही एक खोच उरते. 'वाफ' हा शब्द प्रत्येक मुलाला ठाऊक आहे, पण त्याच्या मनात ती उकळत्या चहाची असते. म्हणून 'पाणी न उकळताही हळूहळू त्याची वाफ होत असते' असे एक वाक्य आधी घालावे लागेल. यादी शब्द मोजते, अर्थ मोजत नाही. इंग्रजीत 'वर्क' आणि मराठीत 'कार्य' हे नेहमीचे शब्द. पण भौतिकशास्त्रात त्यांचा अर्थ निराळा. आणि पाठ बाष्पीभवनाचाच असेल, तर तो शब्द टाळून कसे चालेल? तो ठेवावा, आधी अनुभव सांगून मग त्याचे नाव द्यावे, आणि त्या उताऱ्यात दुसरा नवा शब्द आणू नये.

अशी शंका प्रयोगांनीही खरी ठरविली. डेव्हिड पिअर्सन यांनी १९७४-७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तिसरी-चौथीच्या मुलांना कार्यकारणभाव तुटक वाक्यांपेक्षा 'कारण'सारख्या शब्दाने जोडलेल्या लांब वाक्यातून अधिक चांगला पोचतो, असे आढळले. अॅलिस डेव्हिसन आणि रॉबर्ट कँटर यांनी १९८२ साली मूळ लेख आणि शाळांसाठी केलेली त्यांची रूपांतरे शेजारी ठेवून पाहिली. सूत्राच्या धोरणाने वाक्ये तोडली होती तेथे काही ठिकाणी मजकूर उलट अधिक दुर्बोध झाला होता.

मराठीसाठी इंग्रजीचे आकडे जसेच्या तसे उचलता येत नाहीत. इंग्रजीत 'पाण्यातून' म्हणायला दोन-तीन शब्द लागतात. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतो, त्यामुळे आपली वाक्ये मोजणीत आपोआप आखूड भरतात. शिवाय 'पाणी' वाचणारे मूल 'पाण्यातून' या रूपातील जोडाक्षराशी अडखळू शकते. नवशिक्या वाचकासाठी लिहिताना शब्दाचे मूळ रूप नव्हे, तर छापलेले रूप पाहावे लागते.

मग उतारा जमला की नाही, हे ओळखायचे कसे? विल्सन टेलर यांनी १९५३ साली सुचविलेली रीत वर्गात करून पाहण्याजोगी आहे. सुमारे २५० शब्दांचा उतारा घ्यावा, दर पाचवा शब्द गाळून तेथे सारख्याच लांबीची रिकामी जागा ठेवावी, आणि मुलांना ५० जागा भरायला सांगावे. सारख्या कुवतीच्या दोन गटांना एकाच आशयाचे दोन उतारे दिले, तर कोणता अधिक उलगडतो ते जागा किती बरोबर भरल्या यावरून दिसते. छोट्या उताऱ्याला यापेक्षाही साधी कसोटी आहे. 'माठाला काय असते?' असे न विचारता 'पाणी गार का होते?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या उताऱ्यातूनही मिळते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फक्त तिसराच उतारा देतो.