डासांच्या मशीनचा लाइट लागतो, पण वाफ येत नाही. नेमकं बिघडतं काय?

रात्री मशीन लावलं, लाल दिवा लागला, बाटलीत लिक्विडही आहे. तरी सकाळी उठल्यावर हातापायांवर डास चावल्याच्या खुणा. अशा वेळी बहुतेक घरांत एकच निष्कर्ष निघतो: ‘डासांना आता या लिक्विडची सवय झालीय.’ कधीकधी ते खरंही असतं. पण त्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा. लिक्विड बाटलीतून बाहेर तरी पडतंय का?

हे मशीन आतून फार साधं असतं. बाटलीच्या तोंडातून पेन्सिलीसारखी एक काळी किंवा राखाडी कांडी वर आलेली दिसते. ती वात. ती कडक असली तरी आतून सच्छिद्र असते आणि दिव्यातली वात तेल ओढते तसं लिक्विड वर ओढते. मशीनच्या आत सिरॅमिकची एक छोटी रिंग असते, ती हीटर. वातीचं टोक या रिंगच्या मधोमध, चारही बाजूंनी थोडी मोकळी जागा ठेवून उभं राहतं. रिंग शंभर अंशांच्या वर तापते, वातीच्या टोकातलं लिक्विड उडतं आणि वरच्या भोकातून खोलीत पसरतं. लिक्विडमध्ये कीटकनाशकाचं प्रमाण फार थोडं असतं, भारतातल्या अनेक रिफिलवर ट्रान्सफ्लुथ्रिन ०.८८ टक्के किंवा १.६ टक्के असं लिहिलेलं असतं. बाकीचा बहुतांश भाग म्हणजे वास काढलेल्या रॉकेलसारखं द्रावण.

थोडक्यात, तीन गोष्टी जुळाव्या लागतात: रिंग तापली पाहिजे, वात ओली पाहिजे आणि वातीचं टोक रिंगच्या बरोबर जागेवर पाहिजे. यातलं एक जरी चुकलं तरी दिवा मात्र लागतच राहतो.

दिव्यावर विश्वास का ठेवू नये?

कारण अनेक मशीनमध्ये तो दिवा हीटरच्या तापण्याशी जोडलेलाच नसतो. हीटर आणि दिवा, दोघांना सॉकेटमधून वीज वेगवेगळ्या वाटेने जाते. दिवा फक्त एवढंच सांगतो की मशीनपर्यंत वीज पोहोचली आहे. हीटरच्या रिंगला तडा गेला किंवा तिला दाबून धरणारी पत्र्याची पट्टी सैल झाली, तरी दिवा लागतोच.

वाफ डोळ्यांना दिसत नाही म्हणून मशीन बंद आहे, असंही समजू नका. नॉर्मल मोडवर ती बहुतेक वेळा दिसतच नाही. हाय मोडवर, पंखा बंद करून, अंधारात बाजूने टॉर्च मारला तर वरच्या भोकापाशी धुराची बारीक रेघ दिसू शकते. पण खात्रीचा उपाय त्याहून सोपा आहे. मशीनमधून बाटली काढून सपाट जागेवर ठेवा आणि लिक्विडच्या पातळीवर मार्करने रेघ मारा. रोज रात्री आठेक तास चालणारं मशीन साधारण एक मिलीच्या आसपास लिक्विड वापरतं. एका रात्रीत एवढा फरक कळणार नाही, पण चार-पाच रात्रींनंतर पातळी रेघेच्या खाली दिसायलाच हवी.

एका घरातलं उदाहरण

माझ्या मावशीच्या घरी घर बदलल्यानंतर हेच झालं. घरात आठ महिन्यांचं बाळ, त्यामुळे काळजी जास्त. पाच रात्री गेल्या, रेघ आणि पातळी जागच्या जागी.

आधी हीटर तपासला. मशीन सॉकेटमधून काढलं, थंड होऊ दिलं, बाटली फिरवून काढली. मग रिकामं मशीन पुन्हा लावून दहा मिनिटं थांबलो. हाताची मागची बाजू वरच्या भोकापासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरली, तर ऊब स्पष्ट जाणवली. म्हणजे हीटर ठीक. (रिंगला बोट लावून बघू नका. चटका बसतो आणि रिंगच्या आसपास विजेचे भाग असतात.) ऊब जाणवली नसती तर विषय तिथेच संपला असता. ही मशीन उघडून दुरुस्त करण्यासारखी नसतात, नवीन आणावं.

मग वात पाहिली. टोकाच्या एकाच बाजूला तपकिरी-काळा, अर्धचंद्रासारखा डाग होता. दुसरी बाजू स्वच्छ. इथेच उत्तर मिळालं. सामान हलवल्यावर घाईत बाटली लावताना आटे तिरके बसले होते. बाटली घट्ट वाटत होती, पण ती पूर्ण वर गेलीच नव्हती आणि किंचित कललेली होती. वातीचं टोक रिंगमध्ये खाली राहिलं आणि एका बाजूला टेकलं. टेकलेल्या जागी लिक्विड उडण्याऐवजी जळालं, त्याची काजळी वातीच्या बारीक छिद्रांत बसली.

बाटली सरळ करून नीट बसवली. आधी थोडी उलटी फिरवायची, आटे ‘टक्’ असे जागेवर बसले की मग सुलटी फिरवायची. वरच्या भोकातून पाहिलं तर वात आता रिंगच्या बरोबर मध्ये होती आणि सगळीकडे सारखी फट दिसत होती. पुढच्या पाच रात्रींत पातळी जेमतेम हलली. मग तीच बाटली शेजारच्या खोलीतल्या, त्याच कंपनीच्या चांगल्या चाललेल्या मशीनला लावली आणि तिथली बाटली इथे. दुसरी बाटली या मशीनमध्ये व्यवस्थित उतरू लागली, जुनी मात्र तिथेही हटून बसली. म्हणजे मूळ चूक बसवण्याची होती, पण तोवर वात कायमची चोंदली होती. अर्धी भरलेली बाटली टाकून द्यावी लागली, याचं मावशीला डासांपेक्षा जास्त वाईट वाटलं.

वात आणखी कशाने चोंदते?

सगळ्यात मोठं कारण घरगुती जुगाड. रिकाम्या बाटलीत कापूर, कडुनिंबाचं किंवा खोबरेल तेल भरण्याचे व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिले असतील. खोबरेल तेल या तापमानाला नीट उडत नाही, ते वातीत चिकट होऊन बसतं. नंतर त्या वातीतून काहीच चढत नाही. कापराचं ज्वलनशील मिश्रण रात्रभर तापत्या रिंगखाली ठेवणं तर धोक्याचंच.

वात चाकूने खरवडणं किंवा वरून तोडणंही नको. उंची कमी झाली की टोक रिंगच्या खाली राहतं. दुसऱ्या कंपनीच्या रिफिलचंही तेच: आटे जुळतात, पण बाटलीची मान आणि वातीची उंची जुळेलच असं नाही. झाकण काढताना वात वर ओढली गेली असेल तरीही जागा चुकते.

मशीन नेहमी उभं हवं. जमिनीवर ठेवलेल्या एक्स्टेंशन बोर्डवर ते आडवं झालं तर लिक्विड हीटरवर गळू शकतं. ज्या मशीनची पिन फिरते, तिथे पिन वळवून बाटली सरळ खाली येईल असं लावावं.

लहान मुलाने लिक्विड प्यायलं तर उलटी काढायचा प्रयत्न करू नका. रॉकेलसारखं द्रावण उलटीबरोबर फुप्फुसात जाऊ शकतं. बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

आणि मशीन ठणठणीत असूनही डास चावत असतील, तर वेळ बघा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास मुख्यतः दिवसा चावतो. रात्री दहाला लावलेलं मशीन संध्याकाळी पाचला चावणाऱ्या डासाचं काहीच करू शकत नाही.