चौथा हुकूम : बालाक्लाव्हा, २५ ऑक्टोबर १८५४

क्रिमियाच्या युद्धातील ब्रिटिश हलक्या घोडदळाचा हल्ला बहुतेकांना शौर्याची किंवा मूर्खपणाची गोष्ट म्हणून माहीत असतो. सुमारे ६७० घोडेस्वार एका लांब दरीतून थेट रशियन तोफांवर चालून गेले आणि त्यांतले सुमारे ११० मारले गेले. या टिपणात आपण लढाईपेक्षा त्या लढाईतील एका कागदाकडे पाहणार आहोत. पेन्सिलीने घाईत लिहिलेल्या त्या हुकुमात तीन वेगवेगळ्या प्रकारचे दोष एकत्र आले होते. माहिती अपुरी होती, शब्द दुअर्थी होते आणि सूचना परस्परविरोधी होत्या. बाहेरून तिन्हींचे लक्षण एकच दिसते, ते म्हणजे वाचणाऱ्याला काय करावे ते कळत नाही. पण प्रत्येकावर विचारायचा प्रश्न वेगळा असतो, आणि त्या सकाळी चुकीचा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला गेला.

आधी जागा समजून घेऊ. बालाक्लाव्हा हे सेव्हास्तोपोलला वेढा घालणाऱ्या ब्रिटिश सैन्याचे रसद उतरवण्याचे बंदर. त्याच्या उत्तरेच्या मैदानाच्या मधोमध एक बुटकी टेकड्यांची रांग आहे, कॉजवे हाइट्स. तिच्या एका बाजूला दक्षिण दरी, दुसऱ्या बाजूला उत्तर दरी. या रांगेवर मातीचे मोर्चे बांधून त्यांत तुर्की शिपाई आणि काही ब्रिटिश तोफा ठेवल्या होत्या. २५ तारखेच्या सकाळी रशियन सेनापती लिप्रांडी याच्या सैन्याने यांतले पूर्वेकडचे मोर्चे घेतले आणि तोफा त्यांच्या हाती गेल्या. ब्रिटिश सरसेनापती लॉर्ड रॅग्लन पश्चिमेच्या सपून कड्यावर, मैदानापासून सुमारे ६०० फूट उंचीवर उभा होता. तिथून त्याला दोन्ही दऱ्या आणि मधली रांग नकाशा पसरल्यासारखी दिसत होती. घोडदळाचा प्रमुख लॉर्ड लुकन मात्र खाली दरीच्या तोंडाशी होता. त्याला टेकडीच्या माथ्यावर काय चालले आहे ते दिसत नव्हते. जमिनीचा हा उंचसखलपणा पुढच्या सगळ्या घोटाळ्याचे मूळ आहे.

दहाच्या सुमारास लुकनला त्या दिवसाचा तिसरा हुकूम मिळाला. घोडदळाने पुढे जावे, टेकड्या परत मिळवण्याची कोणतीही संधी साधावी, आणि पायदळ त्यांना साहाय्य करील, असा त्याचा आशय. यापुढे खरी गंमत आहे. लुकनला मिळालेल्या प्रतीत पायदळाला 'हुकूम दिला आहे' इथे पूर्णविराम होता आणि मग नवे वाक्य होते : दोन आघाड्यांवर पुढे जा. तो पूर्णविराम काढला तर 'दोन आघाड्यांवर पुढे जाण्याचा हुकूम' पायदळाला दिलेला ठरतो. ठेवला तर घोडदळालाच पुढे जाण्याची सूचना ठरते. हे खऱ्या अर्थाने दुअर्थी लिखाण. दोन्ही वाचने व्याकरणात बसतात, दोन्ही पूर्ण आहेत, आणि कागद कितीही वेळा वाचला तरी त्यांतले एक निवडता येत नाही. लुकनने पायदळाची वाट पाहायची असा अर्थ घेतला आणि तो अर्धा-पाऊण तास थांबला. रॅग्लनला मात्र त्याने ताबडतोब निघायला हवे होते.

मराठी वाचकाला इथे 'ध चा मा' आठवेल. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाबद्दलची आख्यायिका अशी की 'धरावे' या शब्दाचे कुणी 'मारावे' केले. पण तो प्रकार वेगळा आहे. त्या आख्यायिकेत मूळ मजकूर स्पष्ट आहे आणि बदललेला मजकूरही तितकाच स्पष्ट आहे, वाचणाऱ्याला कुठेच अडखळायला होत नाही. तो घातपात झाला, संदिग्धता नव्हे. संदिग्धतेत लिहिणारा प्रामाणिक असतो आणि म्हणूनच त्याला आपले वाक्य दोन तऱ्हांनी वाचले जाईल हे सुचतच नाही.

लुकन थांबलेला असताना रॅग्लनच्या सोबतच्या अधिकाऱ्यांना दिसले की रशियन शिपाई मोर्च्यांतल्या तोफा ओढून नेण्याच्या तयारीत आहेत. रॅग्लनच्या सांगण्यावरून जनरल एअरीने चौथा हुकूम लिहिला. मराठीत तो साधारण असा होतो : लॉर्ड रॅग्लन यांची इच्छा आहे की घोडदळाने त्वरेने समोर पुढे जावे, शत्रूच्या मागे जावे आणि शत्रूला त्या तोफा नेऊ न देण्याचा प्रयत्न करावा. घोडतोफखान्याची तुकडी सोबत जाऊ शकते. फ्रेंच घोडदळ तुमच्या डावीकडे आहे. तत्काळ.

कॅप्टन नोलन हा निष्णात घोडेस्वार हा कागद घेऊन कड्यावरून खाली उतरला. तो १५व्या हुसार पलटणीचा. लुकनने कागद वाचला आणि त्याला अर्थ लागेना. आता एकेक शब्द पाहू.

'समोर' हा शब्द दुअर्थी आहे. कोणाच्या समोर? लुकनचे घोडदळ पूर्वेकडे तोंड करून उभे होते. त्याच्या समोर म्हणजे उत्तर दरीचे दूरचे टोक, आणि तिथे रशियन तोफखाना सज्ज होता. रॅग्लनच्या मनातले 'समोर' म्हणजे कॉजवेच्या टेकड्या, घोडदळाच्या उजव्या अंगाला. पण दुअर्थीपणा ओळखण्याची खूण हीच की संभाव्य अर्थ मोजता येतात. इथे ते दोन किंवा फार तर तीन होते, कारण डावीकडच्या फेदिउखिन टेकड्यांवरही रशियन तोफा होत्या. अशा वेळी योग्य प्रश्न 'हे की ते?' असा असतो, आणि बोट दाखवून त्याचे उत्तर एका क्षणात देता येते.

'त्या तोफा' हे शब्द मात्र मला दुअर्थी वाटत नाहीत, जरी अनेक लेखक त्यांना तसे म्हणतात. हुकुमात 'नेऊ न देण्याचा' असे आहे. दरीच्या टोकाचा तोफखाना कुणी नेत नव्हते, तो गोळे डागायला उभा होता. नेण्याजोग्या तोफा एकाच ठिकाणी होत्या, हातातून गेलेल्या मोर्च्यांमध्ये. म्हणजे शब्दांत उत्तर होते. लुकनला ते वाचता आले नाही, कारण तोफा नेल्या जात आहेत ही घटनाच त्याला ठाऊक नव्हती, ती टेकडीपलीकडे होती. ही अपुरी माहिती. दोन्हींतला फरक ओळखायची कसोटी सोपी आहे : वाक्य दुसऱ्या शब्दांत नीट लिहून पाहावे. तेवढ्याने अडचण सुटली तर दोष शब्दांचा. पण नवे शब्द लिहायलाच एखादी वस्तुस्थिती माहीत असावी लागत असेल, तर दोष माहितीचा. एअरीला फक्त 'मोर्च्यांतील' हा एक शब्द वाढवावा लागला असता. लुकनला तो शब्द स्वतःच्या डोक्यातून काढणे अशक्य होते. विद्यार्थ्यांना हा हुकूम फळ्यावर लिहून दिला की ते बहुधा सगळ्याच गोंधळाला 'संदिग्ध' असा एकच शिक्का मारतात. शिक्का एकच असला की उपायही एकच सुचतो, तो म्हणजे शब्दांचा कीस काढणे, आणि टेकडीपलीकडे काय आहे ते त्यातून कधीच कळत नाही.

तिसरा दोष सर्वांत अवघड, कारण तो एका कागदावर दिसत नाही. तिसरा हुकूम म्हणत होता, टेकड्या, संधी, पायदळाचे साहाय्य. चौथा म्हणत होता, त्वरा, तत्काळ. पायदळ अजून हालत नव्हते. लुकनच्या वाचनाप्रमाणे दोन्ही एकाच वेळी पाळणे शक्य नव्हते. प्रत्येक हुकूम स्वतंत्रपणे कितीही स्पष्ट केला असता तरी हा विरोध उरलाच असता, आणि विरोध ओळखण्याची खूणही हीच. इथे 'काय?' किंवा 'हे की ते?' विचारून भागत नाही. 'नवा हुकूम जुन्याला रद्द करतो की त्याला जोडून आहे?' असे विचारावे लागते. जोडून असेल तर लक्ष्य टेकड्याच, आणि 'समोर'चा घोळही आपोआप सुटतो. रद्द करत असेल तर टेकड्या हा शब्दच नाहीसा होतो. रॅग्लनने पुढे हुकूम जोडूनच वाचायचे होते अशी भूमिका घेतली. कागदावर तसे एक अक्षरही नव्हते.

शिवाय आणखी एक विरोध नोलनच्या तोंडून आला. कागदावर 'पुढे जावे' आणि 'प्रयत्न करावा' एवढेच होते. नोलनने लॉर्ड रॅग्लन यांचा हुकूम म्हणून सांगितले की घोडदळाने ताबडतोब हल्ला करावा. पुढे जाणे आणि हल्ला करणे यांत फार अंतर आहे. लेखी की तोंडी, कोणते मानायचे? त्या काळच्या ब्रिटिश लष्करी नियमांनुसार सरसेनापतीच्या दूताने आणलेला हुकूम सरसेनापतीने स्वतः दिल्यासारखाच पाळायचा असे. म्हणजे नियमानेही निवाडा केला नाही, दोन्ही सूचनांना सारखेच वजन दिले.

लुकनने नंतर सांगितलेल्या हकिकतीनुसार त्याने विचारले, हल्ला कशावर, कोणत्या तोफा? प्रश्न योग्यच होता, अपुऱ्या माहितीचा. नोलन नुकताच कड्यावरून आला होता, तेव्हा त्याचे नेमके उत्तर देऊ शकेल असा तोच जवळचा माणूस. पण नोलनने हात फेकून म्हटले, तो पाहा तुमचा शत्रू, त्या पाहा तुमच्या तोफा. तो हात दरीच्या टोकाकडे होता असे लुकनचे म्हणणे. हुकूम तिसऱ्याला जोडून आहे का, हा प्रश्न मात्र कुणीच कुणाला विचारला नाही. तो नोलनला विचारून उपयोगही नव्हता. तो निवाडा फक्त रॅग्लन करू शकत होता, आणि वर माणूस पाठवून उत्तर आणायचे तर बराच वेळ गेला असता. 'तत्काळ' या एका शब्दाने तो रस्ता बंद केला होता. खाली अर्धा-पाऊण तास वाया घालवल्याचा ठपका आधीच डोक्यावर असलेल्या लुकनला पुन्हा थांबण्याची हिंमत होणे कठीण होते.

लुकनने हुकूम लॉर्ड कार्डिगनला तोंडी सांगितला. कार्डिगन हा लुकनच्या पत्नीचा भाऊ, आणि दोघांत विस्तव जात नसे. समोर तोफखाना आहे आणि दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर तोफा व बंदूकधारी आहेत, हे कार्डिगनने निदर्शनास आणले. लुकनचे उत्तर होते की रॅग्लन यांना तसेच हवे आहे, आपल्याला पर्याय नाही. घोडदळ निघाल्यावर सुरुवातीलाच नोलन पुढे घोडा दामटत आला आणि गोळ्याच्या तुकड्याने मेला. तो दिशा बदलायला सांगत होता की नुसताच उत्साहात होता, यावर आजही वाद आहे.

२८ ऑक्टोबरच्या खलित्यात रॅग्लनने लिहिले की पुढे जाण्याच्या सूचनेचा काही गैरसमज होऊन लुकनने कोणत्याही परिस्थितीत हल्ला करणे स्वतःला बंधनकारक मानले. म्हणजे त्याच्या मते दोष वाचणाऱ्याचा. पुढे लुकनला इंग्लंडला परत बोलावले गेले. त्याने लष्करी न्यायालयात चौकशीची मागणी केली आणि ती नाकारली गेली, तेव्हा मार्च १८५५ मध्ये त्याने उमरावांच्या सभागृहात आपली बाजू मांडली. आपल्यापुढे निवड करण्यासारखे काही नव्हतेच, असे त्याचे म्हणणे होते. मजकूर एअरीचा, बोट नोलनचे आणि लक्ष्य रॅग्लनच्या मनातले. यांतला नोलन साक्ष द्यायला उरला नव्हता.