लिंबूटिंबूवर राज्य नाही

वैशाखात जत्रेला आत्याची, मामाची, काकाची अशी सगळी पोरं वस्तीवर जमली, की दोन वर्षांच्या बाळापासून दहावीच्या पोरापर्यंत सगळ्यांना एकच खेळ हवा असतो. त्यासाठी आपल्याकडे जुना नियम आहे, लिंबूटिंबूचा. लिंबूटिंबू म्हणजे खेळात आहे, पण बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्यही येत नाही.

हा नियम कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बांधले. मैदानाची मापं आली, खेळाडूंची संख्या ठरली. त्यामुळे खो-खो शाळाशाळांत पोचला, हे चांगलंच झालं. पण ठरलेल्या संख्येत कडेवरच्या बाळाला जागा कुठली? ते अंगणातच राहिलं, आणि त्याच्याबरोबर त्याला सांभाळणारी बहीणही. आमच्या मते लिंबूटिंबूचा खरा फायदा तिलाच झाला. आई खुरपायला गेलेली, धाकटं हिच्याकडे. ते खेळात चाललं, तरच हिला खेळता येई.

डबा ऐसपैसमध्ये हे नीट दिसतं. ऐसपैस हा शब्द इंग्रजीतल्या ‘आय स्पाय’वरून आलेला, म्हणजे ‘मला दिसला’. एकानं डबा लांब फेकायचा. राज्य असलेल्यानं तो आणून रिंगणात ठेवेपर्यंत बाकीच्यांनी लपायचं. दिसेल त्याचं नाव घेऊन डब्याला हात लावला की तो सापडला. पण मध्येच कुणी येऊन डबा उडवला, की सगळे सुटले आणि राज्य पुन्हा त्याच्यावरच.

आता समजा अकरा पोरं आहेत आणि त्यांत दोन लिंबूटिंबू. दोघांना एकेक मोठी ताई जोडून द्यायची. बाळ हसलं की ताई सापडते, पण तेवढं चालायचंच! राज्य सोळा वर्षांच्या दादावर आलं, तर त्यानं लंगडी घालत शोधायचं, नाहीतर लहानांची पाळीच येत नाही. आणि सातआठ वर्षांचं पोर ‘मी लिंबूटिंबू नाही’ म्हणून रुसलं, तर त्याला खुशाल खेळाडू करावं.

लपायची हद्द मात्र आधी मोठ्या बाईनं पायानं चालून दाखवावी. पूर्वी भीती बिनकठड्याच्या विहिरीची होती, आता शेततळ्याचीही आहे. त्यातला प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो, की पोहणाऱ्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. म्हणून तळं, विहीर, ऊस आणि कडब्याची गंजी हद्दीबाहेर. डबा उडाला की सगळ्यांनी रिंगणाशी यायचं आणि डोकी मोजायची. अकरा भरली नाहीत, तर पुढचा डाव फेकायचा नाही.

विटीदांडू मात्र लिंबूटिंबूला घेऊन खेळू नये. उडालेली विटी नेमकी त्याच्या डोळ्याच्या उंचीवर येते.