दंत्य व्यंजनांवरील दोन संस्कार: य आणि व

व्यंजनाचा मुख्य उच्चार आपल्या स्थानी होत असतानाच जिभेचा मध्यभाग टाळूकडे उचलला गेला, तर तालव्यीकरण होते. ओठ गोल होऊन पुढे आले, तर ओष्ठ्यीकरण. ध्वनिलेखनात ही जोड [tʲ] आणि [tʷ] अशी दाखवितात. [tj] मध्ये मात्र त नंतर य असा क्रम असतो. देवनागरीत दोहोंसाठी ‘त्य’ एवढीच सोय असल्यामुळे लेखनावरून हा भेद कळत नाही. तो परिणामांवरूनच ताडावा लागतो.

ज्या महाराष्ट्री प्राकृताचे नाते सातवाहनांच्या पैठणशी जोडले जाते, तिच्यात संस्कृत ‘सत्य’चे ‘सच्च’, ‘अद्य’चे ‘अज्ज’ आणि ‘नृत्य’चे ‘नच्च’ झाले. त्यांतून मराठीत साच, आज, नाच हे शब्द आले. य केवळ गळला असता, तर ‘सत्त’ उरले असते. तेव्हा मध्ये [tʲ] सारखी अवस्था होऊन गेली असावी, असे मानणे युक्त होय. जिभेचे टोक आणि मध्यभाग एकाच अवयवाचे असल्यामुळे दोन्ही हालचाली एकमेकींत मिसळल्या आणि दुय्यम उच्चारच मुख्य होऊन बसला. ओष्ठ्य व्यंजनांत असे घडले नाही: ‘रौप्य’पासून ‘रुपे’ झाले, तेथे य निमूटपणे गेला. परंतु ‘माणिक्य’चेही ‘माणिक’च झाले. क जिभेनेच उच्चारला जातो. म्हणून एक अवयव हे कारण दंत्यांपुरतेच पुरते, हे ध्यानी ठेवावे.

व ची गोष्ट निराळी. ओठ जिभेपासून स्वतंत्र असल्यामुळे [dʷ] मधील दोन क्रिया मिसळून तिसरे स्थान निर्माण होत नाही. एक टिकते, दुसरी जाते. ‘द्वादश’चे ‘बारा’ झाले, पाढ्यातील ‘बे’ही ‘द्वे’चाच वंशज, येथे ओठ जिंकले. ‘द्वार’चे मराठीत ‘दार’ झाले, तेथे जीभ जिंकली. पण गुजरातीत त्याच शब्दापासून ‘बारणुं’ आले. एकाच शब्दाचा असा दुहेरी निकाल य च्या बाबतीत सहसा आढळत नाही.

पुढे मराठीत या तालव्य च–ज चे अग्र स्वरांखेरीज इतरत्र बहुधा दंततालव्य उच्चार झाले: नाच [naːts], आज [aːdz]. म्हणजे य ने टाळूकडे नेलेला ध्वनी पुन्हा दातांकडे परतला. आणि मग तोच खेळ दुसऱ्यांदा झाला! ‘माझा’ [maːdzʱaː] चे सामान्यरूप ‘माझ्या’ [maːdʑʱaː]: लिहिलेला य उच्चारात वेगळा उरत नाही, झ मध्ये मुरतो. ‘मासा’चे ‘माशाला’, ‘ससा’चे ‘सशाला’ यांत लेखनानेही य सोडून दिला आहे. ‘रस्त्याला’, ‘घोड्याला’ यांत मात्र तो अजून व्यंजनानंतर स्वतंत्र ऐकू येतो. सत्य–सच्च या मार्गाने त आणि ड पुन्हा गेलेले नाहीत. या वेळी य पुढे नमले ते घर्षक आणि अर्धघर्षक ध्वनीच.